बंदराचे छायाचित्र (स्थाननिश्चिती)

जहाज, निशाण व क्रेन यांवरून छायाचित्रातले बंदर ओळखण्याची पद्धत. मुंबई बंदर आणि त्याच खाडीपलीकडचे न्हावा-शेवा (सुरुवात १९८९) यांत फरक करताना ती चांगली समजते.

नवशिक्या माणसाची नजर आधी निशाणावर जाते, आणि तिथेच तो फसतो. जहाजाच्या मागच्या टोकाला नोंदणीच्या देशाचे निशाण असते. त्याखाली रंगवलेले पनामा, मोनरोव्हिया किंवा माजुरो हे नोंदणीचे बंदर. पुष्कळ जहाजे तिथे फिरकतही नाहीत. उपयोगाचे निशाण वेगळेच. परदेशी जहाज यजमान देशाचा मान म्हणून त्याचे छोटे निशाण डोलकाठीच्या उजव्या बाजूला लावते. तिथे तिरंगा किंवा कोपऱ्यात तिरंगा असलेले लाल निशाण दिसले, तर जहाज भारतात आहे. बंदर कोणते, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

पुढचा प्रश्न, क्रेन कोणाची? डेकवर मध्यरेषेत, मालाच्या दोन तोंडांमध्ये जाड खांबावर उभी असेल, तर ती जहाजाची स्वतःची. जहाजाबरोबर जगभर हिंडणारी, म्हणून पुरावा म्हणून निरुपयोगी. धक्क्यावर रुळांवर चार पायांनी उभी असलेलीच बंदराची. पाण्यावर लांब हात पसरलेल्या उंच गँट्रींची रांग आणि खाली कंटेनरचे थर दिसले, तर कल न्हावा-शेवाकडे. (समुद्रापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोतही कंटेनरचे थर आणि ते उचलणारी यंत्रे आहेत, पाणी चौकटीबाहेर राहिले असेल, असे कुणाला वाटू शकते.)

समजा, चित्रात रुळांवरच्या सडपातळ क्रेन आणि भिंतीला टेकलेले मालवाहू जहाज आहे. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणून उघडलेल्या इंदिरा गोदीची शंका येते. या गोदीत दरवाजांआड पाणी अडवलेले असते, त्यामुळे भिंतीवर भरती-ओहोटीचा रुंद ओला पट्टा दिसत नाही. उघड्या धक्क्यावर ओहोटीला तो दिसतो. भरतीच्या वेळी काढलेल्या चित्रात ही खूण चालत नाही. दुसरी कसोटी रुंदीची. गोदीचे प्रवेशद्वार सुमारे ३०.५ मीटर रुंद आहे, त्यामुळे पनामा कालव्याच्या जुन्या मापाचे ३२ मीटर रुंदीचे जहाज आत येऊच शकत नाही. तसे जहाज असेल, तर बाहेरचा धक्का किंवा दुसरे बंदर शोधावे.

जहाजाची रुंदी नोंदींत शोधायला त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक लागतो. २००४ पासून बांधलेल्या जहाजांवर तो ठळक रंगवलेला असतो. चित्रातून आकडा चुकीचा वाचला की नाही, हे तपासता येते: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करावी, तिचा शेवटचा आकडा सातवा आकडा असतो. ९०७४७२९ साठी बेरीज १३९ येते, म्हणून शेवटी ९. एखादाच आकडा चुकला, तर बहुधा ताळा जमत नाही.