सहकाऱ्याच्या निरोपासाठी इंग्रजीत छोटा टोस्ट: काय बोलावं आणि कुठे थांबावं

टोस्ट म्हणजे हातात पेला घेऊन, एखाद्या व्यक्तीचं नाव घेत केलेलं अगदी छोटं भाषण. शेवटी सगळे पेले उंचावतात, ते नाव एका सुरात म्हणतात आणि एक घोट घेतात. हा शब्द भाजलेल्या पावावरूनच आला आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी वाइनच्या पेल्यात मसाला लावलेला भाजका पाव टाकत असत. तो पाव जशी वाइनला चव आणतो, तसं ज्या व्यक्तीच्या नावाने प्यायचं तिचं नाव मैफलीला रंगत आणतं, या कल्पनेतून १७०० च्या आसपास त्या व्यक्तीलाच ‘टोस्ट’ म्हणू लागले. आजच्या ऑफिसात पेल्यात कोल्ड्रिंक, सरबत किंवा चहा असला तरी काही बिघडत नाही.

ऑफिसातल्या टीममध्ये चार राज्यांतली माणसं असली की निरोप इंग्रजीत द्यावा लागतो, आणि तिथेच अनेकांची पंचाईत होते. मग इंटरनेटवरचं एखादं तयार भाषण पाठ केलं जातं. त्यात ‘डेडिकेटेड’, ‘हार्डवर्किंग’, ‘पिलर ऑफ द टीम’ असे शब्द असतात. ते कोणालाही लागू पडतात, म्हणून ते ऐकताना जाणाऱ्या माणसाला आपल्याबद्दल काही ऐकल्यासारखं वाटतच नाही. टोस्टला भारी इंग्रजी लागत नाही. त्याला एक खरा प्रसंग लागतो.

प्रसंग निवडताना एक साधी कसोटी लावता येते. त्या गोष्टीत दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव घातलं तरी ती तशीच खरी राहत असेल, तर ती सोडून द्यावी. ‘सगळ्यांना मदत करते’ हे दहा जणांबद्दल म्हणता येईल. ‘रात्री साडेनऊपर्यंत माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली’ हे एकीबद्दलच म्हणता येतं.

समजा, पुण्यातल्या एका ऑफिसच्या अकाउंट्स विभागातून स्मिता नावाची सहकारी नऊ वर्षांनी बंगळुरूला नव्या नोकरीसाठी निघाली आहे. तिच्यासोबत काम केलेल्या ज्युनिअरने म्हणायचा टोस्ट असा असू शकतो. वाचून म्हणायला सोपं जावं म्हणून तो देवनागरीत दिला आहे.

“गुड इव्हनिंग, एव्हरीवन. मे आय हॅव वन मिनिट, प्लीज?

स्मिता हॅज वर्क्ड विथ अस फॉर नाइन इयर्स. मोस्ट ऑफ अस लर्न्ड धिस जॉब ॲट हर डेस्क.

इन माय फर्स्ट मंथ, आय एंटर्ड अ राँग फिगर, अँड द होल रिटर्न डिड नॉट मॅच. आय वॉज व्हेरी स्केअर्ड. स्मिता पुल्ड अप अ चेअर, सेड, ‘लेट अस फाइंड इट,’ अँड सॅट विथ मी अंटिल हाफ पास्ट नाइन. शी नेव्हर टोल्ड एनीवन. सो टुडे, आय ॲम टेलिंग एव्हरीवन.

स्मिता, थँक यू फॉर दॅट चेअर. बंगळुरू इज लकी टू हॅव यू. प्लीज कीप आन्सरिंग अवर फोन कॉल्स.

फ्रेंड्स, प्लीज रेझ युअर ग्लासेस. टू स्मिता!”

हे सारं शंभरेक शब्दांचं आहे. सावकाश, थांबत म्हटलं तरी साधारण एक मिनिट लागतं. पेला हातात धरून लोक आनंदाने ऐकतात ते तेवढंच. या मजकुरात चूक बोलणाऱ्याची आहे आणि चांगुलपणा स्मिताचा, हेही मुद्दाम. निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याची फजिती सांगून हशा मिळतो, पण समोरचा माणूस कसनुसा हसतो. स्वतःची फजिती सांगितली की हशाही मिळतो आणि कौतुकही आपोआप होतं.

मराठीतून विचार करून इंग्रजी बोलताना इथे दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. ‘ती नऊ वर्षांपासून आमच्यासोबत काम करते आहे’ याचं सरळ भाषांतर ‘शी इज वर्किंग विथ अस सिन्स नाइन इयर्स’ असं होतं. ते चूक आहे. काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ येतं, म्हणून ‘हॅज वर्क्ड फॉर नाइन इयर्स’. ‘सिन्स’ नंतर सुरुवातीचं साल यावं लागतं, जसं ‘सिन्स ट्वेंटी फिफ्टीन’.

दुसरी चूक जास्त अवघड जागी नेते. ‘शी वॉज अ व्हेरी काइंड पर्सन’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला ती शोकसभा वाटते. माणूस समोर केक खात उभा आहे. त्याचा स्वभाव वर्तमानकाळात सांगायचा, ‘शी इज काइंड’, आणि घडून गेलेला प्रसंग तेवढा भूतकाळात. ‘पोकळी निर्माण झाली’ छापाची वाक्यंही याच कारणाने टाळलेली बरी. ‘वी विल मिस यू’ पुरेसं आहे, आणि तेही एकदाच.

शेवटच्या ओळीत ‘टू’ हा शब्द महत्त्वाचा. ‘स्मितासाठी’ म्हणून ‘फॉर स्मिता’ असं तोंडात येतं, पण टोस्टची रूढ पद्धत ‘टू स्मिता’ अशीच आहे. हातात चहाचे कप असतील तर ‘ग्लासेस’ऐवजी ‘कप्स’ म्हणावं. तसंही ‘ग्लासेस’ म्हटल्यावर कोणीतरी चष्मा वर करून दाखवणारच!

टोस्ट फसतो तो बहुतेक वेळा याच टोकाला. ‘रेझ युअर ग्लासेस’ म्हटल्यावर बोलणाऱ्याला आणखी काही आठवतं आणि लोक अर्धवट उचललेले पेले धरून एकमेकांकडे पाहत राहतात. म्हणून पेले उचलायला सांगितल्यावर दोन सेकंद थांबायचं, सगळ्यांचे हात वर गेलेले दिसले की नाव घ्यायचं आणि मग गप्प बसायचं. नाव रोजच्या वापरातलंच घ्यावं. ज्यांना सगळे ‘कुलकर्णी सर’ म्हणतात त्यांना त्या दिवशी एकदम पहिल्या नावाने हाक मारली तर सूर जमत नाही. सुरू करण्याआधी सगळ्यांच्या हातात पेय पोचलं आहे ना, हेही पाहावं लागतं. केक कापल्यावर गर्दी पांगते, त्यामुळे टोस्ट त्याआधीच उरकावा.

ज्याच्या नावाने टोस्ट होतो त्याने त्या वेळी स्वतः प्यायचं नसतं. सगळे पेले उंचावत असताना त्याने नुसतं हसून मान डोलवावी, आणि मग वाटल्यास उत्तरादाखल दोन शब्द बोलावेत. आपल्याकडे हे अनेकांना माहीत नसतं. त्यामुळे उत्सवमूर्तीच सगळ्यांच्या आधी घोट घेऊन मोकळी होते. हलक्या आवाजात आधी सांगून ठेवलेलं बरं.

सहकारी निवृत्त होत असेल तर बंगळुरूच्या ओळीच्या जागी ‘मे युअर मॉर्निंग्ज बी स्लो अँड युअर टी बी हॉट’ असं म्हणता येईल. म्हणजे सकाळी घाई नसो आणि चहा गरम मिळो. नोकरी कटुतेने सुटली असेल तर जाण्याचं कारण, नवी कंपनी, पगार यांतलं काहीच काढू नये. खुर्चीची गोष्ट तेव्हाही तशीच सांगता येते.