यूट्यूबवर लोक काय शोधून येतात? पुढच्या व्हिडिओचं शीर्षक ठरवण्याची पद्धत

बीड जिल्ह्यातल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचा हंगाम मात्र काही आठवड्यांचाच असतो. त्यामुळे या विषयावरचा व्हिडिओ वेळेत लोकांना सापडला नाही, तर तो पुढच्या वर्षीच कामाला येतो.

समजा, धारूर तालुक्यातल्या एका बागायतदाराने 8 मिनिटांचा व्हिडिओ टाकला. शीर्षक होतं, 'सीताफळावरील पिठ्या ढेकूण नियंत्रण'. लोक काय शोधून तिथे आले, हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये Reach हा भाग उघडायचा आणि प्रेक्षक कुठून आले त्या यादीत YouTube search वर क्लिक करायचं. लोकांनी टाइप केलेले शब्द समोर येतात. Advanced mode मध्ये प्रत्येक शब्दासमोर किती व्ह्यूज आले आणि सरासरी किती वेळ पाहिलं, हेही कळतं.

समजा, यादी अशी निघाली:

- sitafal bhav: 400 व्ह्यूज, सरासरी 30 सेकंद
- sitafal kale padne: 150 व्ह्यूज, सरासरी 4 मिनिटे
- पिठ्या ढेकूण: 20 व्ह्यूज, सरासरी 5 मिनिटे

पहिला आकडा मोठा आहे, पण तो फसवा आहे. भाव शोधणाऱ्यांना व्हिडिओत भाव मिळाला नाही, म्हणून ते लगेच निघून गेले. पुढच्या शीर्षकात 'भाव' घातला तर असेच लोक वाढतील. भाव सांगायचाच असेल, तर त्यासाठी वेगळा व्हिडिओ करावा.

खरी माहिती दुसऱ्या ओळीत आहे. पिठ्या ढेकूण चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ काळं दिसतं. शेतकऱ्याला हा काळेपणा आधी दिसतो, किडीचं नाव नंतर कळतं. त्यामुळे तो लक्षण टाइप करतो, तेही बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत.

म्हणून याच किडीवरच्या पुढच्या व्हिडिओचं शीर्षक असं ठेवता येईल: 'सीताफळ काळे पडते? पिठ्या ढेकूण असा ओळखा | Sitafal kale padne'. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून लोकांचे शब्द सुरुवातीला घ्यावेत. फळ काळं पडण्याची इतर कारणंही असतात. त्यामुळे पहिल्या मिनिटातच कीड ओळखायची खूण दाखवावी, नाहीतर हा प्रेक्षकही निघून जाईल.

या यादीची एक मर्यादा आहे. व्हिडिओपर्यंत पोहोचलेल्यांचेच शब्द तिच्यात असतात. ज्यांना तो सापडलाच नाही, त्यांनी काय टाइप केलं ते इथे दिसत नाही. शिवाय 2-3 व्ह्यूज आणणाऱ्या शब्दावरून निष्कर्ष काढू नये. हंगामी विषयासाठी तारखा बदलून मागच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची यादी पाहावी. उन्हाळ्यातल्या यादीत हे शब्द कदाचित दिसणारही नाहीत.