स्वप्नातलं लग्न

मध्यंतरी टीममधल्या एका मित्राच्या लग्नाला चेन्नईला गेलो होतो. अय्यंगार लग्न. तमिळ एक अक्षर कळत नाही, त्यामुळे फिल्टर कॉफीवर लक्ष ठेवून बसलो होतो. तेवढ्यात चार-पाच आज्या आणि काही भटजी मिळून एका सुरात काहीतरी म्हणायला लागले. माझ्या शेजारी नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हे आण्डाळचं पद. विष्णूशी आपलं लग्न लागतंय असं स्वप्न तिला पडलं, ते ती मैत्रिणीला सांगतेय. आमच्याकडे प्रत्येक लग्नात म्हणतात."

मी म्हटलं, "आणि मग खरं लग्न झालं?"

मामा हसले. "झालं म्हणतात. श्रीरंगमच्या गाभाऱ्यात गेली आणि मूर्तीत विलीन झाली."

म्हणजे ज्या मुलीचं लग्न स्वप्नातच लागलं, तिचे शब्द खऱ्या नवरीच्या डोक्यावर अक्षतांसारखे टाकायचे! हे काही डोक्यातून जाईना. परत आल्यावर दोन-तीन वीकेंड ह्यातच गेले.

माझा समज असा होता, की संतांना देव इतका आवडला की प्रियकर-प्रेयसीची उपमा त्यांना आपोआपच सुचली असणार. निदान तमिळमध्ये तरी तसं झालेलं नाही. तिथे प्रेमकवितेचं एक काटेकोर व्याकरण आधीपासून तयार होतं. भक्ती नंतर त्यात राहायला आली.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रचल्या गेलेल्या संगम कवितांत 'अकम्' नावाचा प्रकार आहे. अकम् म्हणजे आतलं, घरातलं, मनातलं. ह्यात बोलणारी पात्रं ठरलेली: नायिका, तिची मैत्रीण, तिची आई, नायक असे मोजकेच. जागाही ठरलेल्या. डोंगर आले की मीलन, समुद्रकिनारा आला की तळमळ, करपलेलं माळरान आलं की ताटातूट. कवीने नुसता बगळा आणि खाडी दाखवली की वाचकाला पुढचं कळतं. आणि एक पक्का नियम: नायक-नायिकेचं नाव घ्यायचं नाही. तो कोणीही 'तो', ती कोणीही 'ती'.

साधारण आठव्या-नवव्या शतकात नम्माळ्वार हा कवी आला. विष्णुभक्त असलेल्या बारा आळ्वारांपैकी हा सगळ्यात मोठा मानला जातो. त्याच्या 'तिरुवायमोळि'त 1102 पदं आहेत, साधारण अकरा-अकरांचे शंभर गट. त्यातल्या 27 गटांत हा पुरुष बाईच्या आवाजात बोलतो: कधी नायिका, कधी तिची आई, कधी मैत्रीण. पात्रं जुनीच, बगळा आणि खाडीही जुनीच. बदलला तो एकच नियम. नायकाला नाव मिळालं, आणि गावही. तो आता विष्णू आहे, अमुक क्षेत्रात राहतो.

एवढ्याशा बदलाने काय होतं, त्याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण सांगतो.

संगम कवितेत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मुलगी चोरून कोणावर तरी प्रेम करतेय. तो भेटत नाही, म्हणून ती सुकत चाललीय, हातातल्या बांगड्या सैल होतायत. आईला वाटतं, झपाटलंय पोरीला. ती मुरुगनच्या भगताला बोलावते. तो अंगात आणून नाचतो, बोकड कापला जातो. घरात एकट्या मैत्रिणीला माहीत असतं की हे भूत नाही, हा डोंगरापलीकडचा मुलगा आहे. ती बोलू का नको करत राहते. गंमत आणि करुणा दोन्ही त्यातच.

नम्माळ्वार हाच प्रसंग उचलतो. मुलगी तशीच सुकलेली, आया तशाच घाबरलेल्या, मांस आणि दारूचा तोच नैवेद्य. इथे मैत्रीण बोलते: थांबवा हे सगळं, तुम्ही रोगच चुकीचा ओळखलाय. हिला विष्णूचा ध्यास लागलाय. त्याचं नाव हिच्या कानावर घाला, त्याच्या भक्तांच्या पायाची धूळ हिला लावा, तरच ही उठेल.

जुन्या कवितेत मैत्रिणीकडे एक गुपित होतं. इथेही आहे, पण ते गुपित हाच आता उपासनेचा मार्ग झालाय. शिवाय जाता जाता गावच्या देवाशी आणि भगताशी वादही घालून झाला! श्रोत्यांना जुना प्रसंग तोंडपाठ होता म्हणूनच हा वार बसला असणार.

पण मग पुरुषाला तीन बायकांचे आवाज कशाला हवेत? पुढच्या वैष्णव आचार्यांनाही हा प्रश्न पडला होता. 'आचार्य हृदयम्' ह्या ग्रंथात त्याचं नेटकं उत्तर आहे: ह्या तीन बायका नाहीत, एकाच मनाच्या तीन अवस्था आहेत. मैत्रीण म्हणजे 'मी त्याचीच' ही जाणीव. आई म्हणजे 'तोच काय ते करेल' हा निश्चय, म्हणून ती मुलीला घरात थांबवू बघते. आणि मुलगी म्हणजे उतावळेपणा. सगळं कळतं, पटतं, तरी आत्ताच्या आत्ता भेट हवी. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. कुठल्याही गोष्टीची वाट बघताना माझ्या डोक्यात हे तिघं जण भांडत असतात, राव.

फक्त हे उत्तर आण्डाळला लागू करायला गेलं की अडतं. बारा आळ्वारांत ती एकटी बाई. तिला आवाज उसना घ्यावा लागत नाही. 'नाच्चियार तिरुमोळि'च्या 143 पदांत ती सरळ सांगते, की मला माणसाला द्यायची भाषा झाली तर मी जगणार नाही. तिची काहिली होते तेव्हा ती म्हणते, त्याच्या कमरेचं पीतांबर आणून मला वारा घाला. इथे 'बाई म्हणजे मनाची अवस्था' म्हणून सुटका होत नाही. इथे अंग आहे, ताप आहे, घरात लग्नाचं वय झालेली मुलगी आहे. तिचं 'तिरुप्पावै' मार्गशीर्षात घरोघरी म्हणतात. ह्या दुसऱ्या ग्रंथातलं लग्नाचं स्वप्न सर्वांना माहीत असतं, बाकीची पदं तेवढी कानावर पडत नाहीत. का, ते वेगळं सांगायला नको.

मामांनी तेव्हा मला विचारलं होतं, "तुमच्याकडे आहे का असं काही?" मी बिनधास्त सांगितलं, "नाही. आमचा विठोबा आई आहे, पंढरपूर म्हणजे माहेर."

घरी आल्यावर लाज वाटली. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी लताबाईंच्या आवाजात ऐकत मोठा झालोय मी! आणि तुकोबांच्या गाथेत 'विराण्या' म्हणून आख्खा गट आहे. त्यात बोलणारी बाई तर नवरा-घर सोडून परक्याच्या मागे लागलेली आहे, आणि लोक काय म्हणतील ते म्हणोत असं म्हणते. आमच्या आजोबांच्या देवघरात ही गाथा सोवळ्यात असायची. लग्नाच्या बायकोला देवापाशी जाताना काही गमवावं लागत नाही, ह्या बाईला सगळंच लागतं. तुकोबांना बहुधा तीच हवी होती.

मामांना फोन करून उत्तर दुरुस्त केलं. ते म्हणाले, "मग तुमच्या लग्नात हे का म्हणत नाही?"

मी तुकोबांची ती बाई डोळ्यांसमोर आणली, मांडवातले आमचे काका-काकू आणले, आणि विषय बदलला.