खेपवार हिशेब आणि टायरचा प्रश्न

मालमोटारींच्या धंद्यातील जुन्या हिशेबवह्या अभ्यासकाच्या हाती आल्या, तर त्यांत बहुधा एकच मांडणी आढळते. प्रत्येक खेपेस एक पान असते. डावीकडे मिळालेले भाडे, उजवीकडे डिझेल, टायर, चालकाची उचल व किरकोळ खर्च, आणि तळाशी शिल्लक. ही शिल्लक म्हणजेच त्या खेपेचा नफा, असे मालक मानतो, आणि पुष्कळदा अभ्यासकही तसेच मानून चालतो. हे गृहीत कोठवर टिकते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फेरीला हिशेबाचा घटक मानण्याची पद्धत मोटारीहून फार जुनी आहे. लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यापारी सफरींची खाती कशी ठेवावीत, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सफर व्यापारी स्वतः करतो की दुसऱ्यावर सोपवितो, असा भेद तो करतो. सोपविलेली असल्यास ज्याच्या हाती माल व पैसा दिला त्याच्या नावाने ती रक्कम येणे धरावी, असा त्याचा आशय आहे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, सफर संपली की तीत गुंतलेले भांडवल मोकळे होई. माल विकला जाई, पैसा परत येई, खाते मिटे. मोटारीची खेप संपते तेव्हा मात्र मोटार उरते, आणि तिच्या चाकांवर अर्धवट झिजलेली टायरे उरतात. पुढील सारा घोटाळा यातूनच निघतो.

एक कल्पित परंतु हल्लीच्या सुमाराचे आकडे असलेले उदाहरण घेऊ. कोल्हापुराहून गूळ भरून दहा चाकी मालमोटार मुंबईस गेली आणि परतीचा माल घेऊन आली. दोन्ही बाजू मिळून ८०० किलोमीटर. जाण्याचे भाडे २६,००० रुपये, परतीचे १४,०००, एकूण ४०,०००. लिटरला चार किलोमीटर धरल्यास डिझेल २०० लिटर, म्हणजे ९० रुपये दराने १८,०००. पथकर, हमाली, दलाली मिळून ६,०००. चालक व क्लीनर यांचा पगार-भत्ता ४,०००. शिल्लक १२,००० रुपये.

आता समजा, याच खेपेत साताऱ्याजवळ मागील दोन टायरे बदलावी लागली आणि त्यांचे ४०,००० रुपये याच पानावर लिहिले गेले. खेप २८,००० रुपयांनी तोट्यात गेली, असे वही सांगेल. परंतु ती टायरे या खेपेत झिजली नव्हती. मागील शंभर खेपांत झिजली होती, आणि त्या सर्व खेपांचा नफा तेवढ्या प्रमाणात फुगवून लिहिला गेला होता. दहा टायरांची किंमत दोन लाख व त्यांचे आयुष्य ८०,००० किलोमीटर धरले, तर किलोमीटरला अडीच रुपये, म्हणजे प्रत्येक खेपेस २,००० रुपये झीज पडते. खरी शिल्लक १२,००० नव्हे आणि उणे २८,०००ही नव्हे. ती १०,००० आहे, आणि त्यातूनही कर्जाचा हप्ता, विमा व कर अद्याप जावयाचे आहेत.

वर्षाअखेर बेरीज सारखीच येणार, मग इतकी चिकित्सा कशाला, असा आक्षेप येऊ शकेल. पण मालकाचे निर्णय वर्षाअखेर होत नाहीत. ते खेपेगणिक होतात. सोळा टनांच्या जागी वीस टन भरले, तर चार टनांचे जादा भाडे त्याच पानावर त्याच दिवशी दिसते. त्या भाराने तापलेल्या टायराचा कस मात्र चार महिन्यांनी, भलत्याच खेपेच्या पानावर प्रकट होतो, आणि तोवर त्याचा संबंध कोणी जोडीत नाही. जादा भार सदैव फायद्याचा वाटावा, अशी सोय या मांडणीतच आहे. जादा भाराचे खापर केवळ मालकाच्या लोभावर फोडणाऱ्यांनी त्याची वहीही एकदा पाहावी, असे मला वाटते.

यावर उपाय म्हणजे टायरांची निराळी नोंदवही. प्रत्येक टायराच्या कडेवर कारखान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक, बसविल्याचा दिवस, त्या वेळचा किलोमीटरचा काटा, चाकाची जागा आणि उतरविल्याचा काटा एवढे लिहिले की प्रत्येक टायर किती धावले ते कळते. रबर नव्याने चढविलेल्या टायराचे आयुष्य वेगळे मांडावे लागते, कारण जुने कॅसिंग त्याच क्रमांकाने परत येते. अशी वही जेथे आढळते, तेथे वाटेत चांगले टायर विकून जुने चढविण्याचा प्रकारही उघडकीस येतो. वहीतील क्रमांक चाकावर नसतो, एवढा पुरावा पुरे होतो.

डिझेलाच्या बाबतीत चूक लहान पण नित्याची. खेपेत विकत घेतलेले डिझेल म्हणजे खेपेत जळलेले डिझेल नव्हे. निघताना टाकी काठोकाठ भरली आणि परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरली, तरच दुसऱ्या भरणीपर्यंतचा आकडा त्या खेपेचा होतो. तसे न केल्यास एका खेपेत गाडी तीन किलोमीटर धावल्याचे व पुढच्या खेपेत पाच धावल्याचे दिसते, आणि पहिल्या खेपेच्या चालकावर निष्कारण चोरीचा संशय येतो. खंबाटकी व बोरघाट भरल्या गाडीने चढणे आणि रिकाम्या गाडीने उतरणे यांतील फरकही त्याच्याच माथी मारला जातो.

उचलीसंबंधी पाचोलीचा नियम आजही लागू पडतो. निघताना चालकास २०,००० रुपये दिले, तर तो खर्च नव्हे. ते चालकाकडील येणे होय. परतल्यावर १८,४०० रुपयांचा हिशेब लागला, तर तेवढाच खर्च पडतो, आणि उरलेले १,६०० त्याने परत करावयाचे किंवा त्याच्या नावे राहावयाचे. बहुतेक वह्यांत सबंध रक्कमच खर्ची पडलेली दिसते. याच्या उलट, ज्या खर्चास पावती मिळत नाही तो कित्येकदा चालकाच्या नावे टाकला जातो, आणि खेपेमागून खेप त्याचे देणे वाढत जाते. अशा वेळी उचलीचे खाते हिशेबाचे न राहता बांधून ठेवण्याचे साधन होते. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या संस्थांनाच लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याच्या बाहेर राहिला.

भाड्याच्या नोंदीत जकातीने घातलेला गोंधळ अभ्यासकास विशेष चकवितो. वाटेतील जकातीसह ठरावीक रकमेत माल पोहोचविण्याचा पत्कर घेणारा तो हुंडेकरी. तेथे जकात भाड्यातच असे. मोटारधंद्यात मात्र चालकाने नाक्यावर भरलेली जकात पुष्कळदा माल घेणाऱ्याकडून वसूल होई. ती एका बाजूस खर्च व दुसऱ्या बाजूस भाडे म्हणून लिहिली, तर शिल्लक बदलत नाही, पण भाड्याचा आकडा फुगतो. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत जकात होती. तेव्हा त्यापूर्वीच्या वह्यांतील भाड्यांची नंतरच्या भाड्यांशी तुलना करताना ती वेगळी काढावीच लागेल.

आणखी एक मर्यादा. १९९४ साली आयकर कायद्यात घातलेल्या ४४-एई या कलमाने दहापर्यंत मालमोटारी असलेल्या मालकास गाडीमागे ठराविक उत्पन्न गृहीत धरून कर भरण्याची मुभा दिली. असा मालक सरकारसाठी वही ठेवीनासा झाला. ठेवली तर चालकाशी हिशेब मिटविण्यापुरती. त्यामुळे त्यानंतरच्या लहान मालकांच्या वह्यांत उचलीचे रकाने नेटके भरलेले असावेत आणि टायरांचे कोरे, यात नवल नाही. तेथे टायरांची खरेदी शोधावयाची ती टायर विक्रेत्याच्या उधारीच्या खात्यात.