स्तन सोनोग्राफी श्रेणी
स्तनातील गाठीच्या सोनोग्राफी चित्रावरून तिच्यात कर्करोग असण्याची शक्यता ० ते ६ या आकड्यांत नोंदविण्याची पद्धत. ‘बाय-रॅड्स’ नावाची ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ मध्ये मॅमोग्राफीसाठी आणली. २००३ मध्ये तीत सोनोग्राफीची भर पडली (पहा : मॅमोग्राफी). पुण्यातील सोनोग्राफी केंद्रांच्या अहवालांतही निष्कर्षाखाली हीच श्रेणी लिहिली जाते.

साधी द्रवगाठ गोल किंवा लंबगोल असून तिची कड पातळ व रेखीव असते. शुद्ध द्रवातून ध्वनिलहरी परावर्तित होत नाहीत, म्हणून आतला भाग पूर्ण काळा दिसतो. लहरी क्षीण न होता पार गेल्याने गाठीमागचा भाग उजळतो. ही सर्व लक्षणे असल्यास श्रेणी २, म्हणजे निरुपद्रवी.

घन गाठीत प्रतिध्वनी उमटतात व ती करडी दिसते. १८ मिमी रुंद, ९ मिमी उंच, त्वचेला समांतर व रेखीव कडेची लंबगोल गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा असते. तिला श्रेणी ३ देतात : कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी फेरतपासणी. गाठ रुंदीपेक्षा उंच, कड काटेरी आणि मागे सावली असल्यास श्रेणी ४ किंवा ५ देऊन बायोप्सी सुचवतात (पहा : बायोप्सी).

यंत्राचा ‘गेन’ जास्त ठेवल्यास द्रवगाठीत खोटे प्रतिध्वनी दिसतात. फार कमी ठेवल्यास घन गाठही काळी भासते. डॉप्लर तपासणीत गाठीच्या आत रक्तप्रवाह आढळल्यास ती साधी द्रवगाठ नसते.