सक्तीच्या विजयाची पडताळणी (बुद्धिबळ)

दावा केलेला विजय प्रतिस्पर्ध्याच्या नियमानुसार शक्य अशा प्रत्येक उत्तरापुढे टिकतो का, हे तपासण्याची विश्लेषणपद्धती. जिंकणाऱ्याला दर वेळी एक चाल पुरते. बचावाची मात्र सर्व उत्तरे तपासावी लागतात.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते सावेद्रा स्थितीत (ग्लासगो, १८९५). पांढरा राजा b6, प्यादे c6, काळा राजा a1, हत्ती d5, पांढऱ्याची चाल.

1.c7 Rd6+ 2.Kb5 Rd5+ 3.Kb4 Rd4+ 4.Kb3 Rd3+ 5.Kc2 Rd4

आता प्याद्याचा वजीर केला (6.c8=Q), तर काळा Rc4+ खेळतो आणि 7.Qxc4 नंतर स्टेलमेट होते. म्हणून ही स्थिती प्रसिद्ध करणाऱ्या बार्बिए यांनी ती बरोबरीची मानली. फादर सावेद्रा यांनी 6.c8=R दाखवली (पहा : प्यादे-बढती). Ra8+ खेळून मात करण्याची धमकी तशीच राहते. आता Rc4+ ला 7.Rxc4 चालते, कारण हत्तीचा मारा a2 वर नसल्याने काळ्या राजाला घर उरते. मुख्य बचाव Ra4, त्यावर 7.Kb3 ने हत्तीवर हल्ला आणि Rc1 मात, अशा दोन धमक्या एकदम येतात. दोन्ही टाळणारी चाल काळ्याकडे नाही.

दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल आज टेबलबेस निश्चित देतात (पहा : एंडगेम), त्यापुढे संगणकाचे मूल्यांकन हा पुरावा ठरत नाही.