स्थलांतर, गुंठेवारी वसाहती आणि नागरी सुविधा : चिकलठाणा ते शेंद्रा पट्ट्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वरिष्ठ वर्गांच्या सामाजिक शास्त्र विषयात नागरीकरणावर प्रकरण-अभ्यासाचा प्रश्न विचारला असता बहुतांश उत्तरपत्रिकांत एक ठरावीक साखळी आढळते. खेड्यातून लोक शहरात आले, त्यामुळे गर्दी झाली, गर्दीमुळे सुविधांवर ताण पडला. या मांडणीत स्थलांतरित हेच समस्येचे मूळ ठरतात आणि जमीन, कायदा व नगररचना हे दुवे गळून पडतात. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेकडील चिकलठाणा ते शेंद्रा या पट्ट्याच्या आधारे ही साखळी तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी :
मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगरास पुढे नहरींद्वारे पाणी मिळाले. शहराचा हा जुना गाभा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मर्यादितच राहिला. १९६० च्या दशकात रेल्वे स्टेशन परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली व पाठोपाठ चिकलठाणा येथे दुसरी झाली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी व शेतमजुरांचा शेतीवरील भरवसा डळमळला. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा प्रकारे गावाकडून रेटा आणि शहराकडून ओढा ही दोन्ही कारणे एकाच पिढीच्या काळात एकत्र आली. परिणामी १९७१ मध्ये सुमारे दीड लाख असलेली शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेसहा लाखांच्या घरात गेली आणि २०११ च्या जनगणनेत ती ११ लाख ७५ हजारांवर पोहोचली.

गुंठेवारीची उत्पत्ती :
आलेल्या कामगारास कारखान्यात काम मिळाले, परंतु घर मिळाले नाही. सिडकोने १९७० च्या दशकापासून नियोजित वसाहती उभारल्या. मात्र रोजंदारी व कंत्राटी कामगारांपैकी अनेकांना ती घरे परवडणारी नव्हती. ही गरज शहरालगतच्या शेतजमिनीने भागविली. ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन होताना लगतची १८ खेडी तिच्या हद्दीत आली. शेती नगरपालिकेच्या नकाशात आली, तरी तेथे रस्ते व जलवाहिन्या पोहोचण्यास अवधी होता. या अवधीतच मुकुंदवाडी, मिसारवाडी, नारेगाव यांसारख्या भागांत शेतांचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडले.

तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान क्षेत्राची नियमित खरेदी होऊ शकत नव्हती. म्हणून व्यवहार मुद्रांकावर, म्हणजे लोकांच्या भाषेत बाँडवर, झाले. पैसे दिले गेले, घर बांधले गेले, परंतु सातबाऱ्यावर नाव लागले नाही. मंजूर रेखांकन नसल्याने विकासशुल्क भरले गेले नाही आणि ते नसल्याने महापालिकेवर जलवाहिनी टाकण्याचे दायित्वही स्पष्ट राहिले नाही. ही सरकारी जागेवरील झोपडपट्टी नव्हे, तर पैसे मोजून घेतलेल्या खासगी जमिनीवरील वसाहत होय. हा भेद उत्तरपत्रिकांत क्वचितच आढळतो.

एका एकराचे उदाहरण :
या प्रक्रियेचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. नियमानुसार रेखांकन केल्यास १० टक्के खुली जागा व सुमारे २५ टक्के रस्ते वजा जाता ६०० चौरस फुटांचे सुमारे ४७ भूखंड पडतात. गुंठेवारीत बोळांसाठी जेमतेम १० टक्के जागा सोडल्यास तेच भूखंड ६५ होतात. वाढलेले १८ भूखंड म्हणजे वस्तुतः विकला गेलेला रस्ता व मैदान होय. पुढे जलवाहिनी वा मलवाहिनी टाकावयाची झाल्यास तिला जागाच उरत नाही.

प्रत्येक घरात पाच माणसे धरली तर त्या एकरात ३२५ लोक राहतात. दरडोई १३५ लिटर या मानकाप्रमाणे त्यांना दररोज सुमारे ४४ हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या नऊ खेपा. आता पाणी पाच दिवसांआड येते असे समजू. एका कुटुंबास ३,३७५ लिटरचा साठा, म्हणजे दोनशे लिटरचे सतरा ड्रम ठेवावे लागतील. प्रत्यक्षात चारच ड्रम मावत असतील तर माणशी वाट्यास दिवसाला ३२ लिटर येतात. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो तो वेगळाच. सारांश, सुविधेचा अभाव केवळ नळाच्या अंतरावर नव्हे, तर घरातील साठवणुकीच्या जागेवरही ठरतो.

येथे पाण्याच्या मूळ स्रोताची अडचण आहेच. शहर पैठणच्या जायकवाडी जलाशयापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचीवर असल्याने पाणी उपसून आणावे लागते. जुन्या योजना अपुऱ्या पडल्या. समांतर जलवाहिनीचा खासगी सहभागाचा करार २०१६ मध्ये संपुष्टात आला व नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. दरम्यान २०१९ मध्ये मुकुंदवाडीतील लहान मुले पाणी आणण्यासाठी रेल्वेने शहरातील स्थानकापर्यंत ये-जा करीत असल्याचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले. धरण भरणे आणि वस्तीत पाणी पोहोचणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे त्यावरून दिसून येते.

कायद्याचा हस्तक्षेप व मर्यादा :
महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ अन्वये १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारी विकासांचे शुल्क आकारून नियमितीकरण करण्याची तरतूद झाली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. या कायद्याने रहिवाशास कागद मिळण्याचा मार्ग खुला झाला. तथापि विकला गेलेला रस्ता कागदाने परत येत नाही. शिवाय मुदत वाढते तेव्हा पुढचीही वाढेल, अशी अपेक्षा जमीन विकणाऱ्यांच्या मनात निर्माण होणे स्वाभाविक आहे.

शेंद्रा : पुढील कसोटी
२००१ मध्ये स्कोडाचा कारखाना शेंद्रा येथे सुरू झाला व औद्योगिक वाढीचा रोख जालना मार्गावर पूर्वेकडे सरकला. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे ऑरिक या नियोजित औद्योगिक नगरीच्या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन झाले. ऑरिकमध्ये रस्ते व वाहिन्या आधी आणि इमारती नंतर, असा चिकलठाण्याच्या उलट क्रम आहे. परंतु कंत्राटी कामगाराने भाड्याची खोली कुंभेफळ, करमाड किंवा शेंद्रा गावात घेतली, तर तो ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतो. कारखान्यास एमआयडीसीचे पाणी आणि कामगाराच्या खोलीस ग्रामपंचायतीची योजना, अशी विभागणी त्यातून होते. घरमालकाकडे असलेला ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा आहे. तो मालकी किंवा मंजूर बांधकाम सिद्ध करीत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांपुढे पुढील प्रश्न ठेवता येईल : "चिकलठाणा परिसरातील गुंठेवारीचा क्रम शेंद्र्यालगतच्या गावांत पुन्हा घडण्याची शक्यता कितपत आहे, हे पुराव्यासह तपासा." उत्तरात लोकसंख्येच्या आकड्यापेक्षा तीन तारखांचा क्रम शोधणे महत्त्वाचे आहे : कामगार आला केव्हा, जमिनीचा तुकडा विकला गेला केव्हा आणि वाहिनी पोहोचली केव्हा. सातबारा, नमुना आठ व वाहिन्यांचा नकाशा एकत्र ठेवल्यास हे अंतर वर्षांत मोजता येते. स्थलांतर सर्वत्र घडते. बकालपणा मात्र दुसऱ्या व तिसऱ्या तारखेमधील अंतरातून निर्माण होतो. ते अंतर स्थलांतरिताने नव्हे, तर नियोजनाने कमी करावयाचे असते, हा निष्कर्ष विद्यार्थ्याने स्वतः काढला तर प्रश्नाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.